पाठीवरची पाटी

विजेची कोणतीही वस्तू दुकानात मांडताना तिचे तोंड गिऱ्हाइकाकडे आणि पाठ भिंतीकडे केलेली असते. तोंडावर नाव असते, चकचकीत बटणे असतात, वॅटचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. पाठीवर किंवा पोटाखाली मात्र काडेपेटीएवढी एक पट्टी असते आणि त्या पट्टीशी मालकाचा परिचय बहुधा वस्तू बिघडते त्या दिवशीच होतो. तांत्रिक भाषेत तिला रेटिंग प्लेट म्हणतात. आमच्याकडे गोडादऱ्यात कोणी तिला ‘स्टिकर’ म्हणते, कोणी ‘कंपनीची पाटी’. मला हा दुसरा शब्द आवडतो. घरावरची पाटी वाचूनच आपण कडी वाजवतो. यंत्राची पाटी न वाचता त्याला वीज लावणे हा तसा उद्धटपणाच आहे.

सुरतेच्या या भागात, गोडादरा-लिंबायतच्या वस्तीत, निम्म्याहून अधिक ओळखी खानदेशातल्या निघतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे यंत्रमागांवर, साड्यांच्या बाजारात आणि भरतकामाच्या यंत्रांवर कामाला येऊन इथलीच झाली. मी आयुष्यभर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री शाखेला शिकवले आणि निवृत्तीनंतर मुलाकडे इथे आलो. एवढ्या भांडवलावर गल्लीने मला ‘सर’ केले. पूर्वी लोक बिघडलेली वस्तू काखोटीला मारून यायचे. हल्ली वस्तू येत नाही, फोनवर तिचे छायाचित्र येते. त्यामुळे पाटी वाचण्याची विद्या थोडी बदलली आहे. वस्तू हातात असली की तिला उलटी करता येते, धूळ पुसता येते, वायरीचे टोक पाहता येते. छायाचित्रात समोरच्याने जेवढे दाखवले तेवढेच दिसते. आणि समोरचा माणूस नेमके त्याला महत्त्वाचे वाटलेले दाखवतो.

त्याला महत्त्वाचे वाटते ते वॅट. त्यात त्याचा दोष नाही, दुकानदाराने त्याला तेच शिकवलेले असते. पण वॅटचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. पाटीवर निदान चार गोष्टी एकमेकींच्या शेजारी बसलेल्या असतात. ही वस्तू किती दाबाच्या विजेवर चालायची ते व्होल्टमध्ये, त्या विजेची दिशा सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते हर्ट्झमध्ये, ती किती वीज खाईल ते वॅटमध्ये किंवा अँपिअरमध्ये, आणि या जातीच्या वस्तूचे कुळनाम, म्हणजे मॉडेल क्रमांक. व्होल्टच्या आकड्यापुढे पाण्याच्या लाटेसारखी एक खूण असते. ती असली की समजावे, घरातली उलटसुलट धावणारी वीज हवी. त्या जागी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज हवी, आणि मग ही पाटी यंत्राची खरी पाटी नसून खरी पाटी त्याच्या अडॅप्टरवर आहे, असे ओळखावे.

व्होल्टच्या आकड्यात एक बारीक विरामचिन्हही वाचावे लागते. ‘२२०’ आणि ‘२४०’ यांच्यामध्ये आडवी रेघ असेल तर तो पल्ला आहे. त्यातला कोणताही दाब यंत्राला चालतो, कुठे काही बदलावे लागत नाही. ‘११५’ आणि ‘२३०’ यांच्यामध्ये तिरपी रेघ असेल तर ते दोन वेगवेगळे दाब आहेत आणि मागे कुठेतरी एक छोटी कळ आहे, ती योग्य बाजूला सरकवलेली असली पाहिजे. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आपल्याकडे जे भारतीय मानक ३०२ आहे, त्यात पाटीवर काय आणि कसे लिहावे याचा एक स्वतंत्र भाग आहे, त्यातला हा भेद. अर्थात हर्ट्झच्या बाबतीत कारखानदार ‘५०’ आणि ‘६०’ यांच्यामध्ये तिरपी रेघ मारून ‘दोन्ही चालतील’ असेच सुचवतात. विरामचिन्हांबाबत एकवाक्यता व्याकरणकारांत नाही, ती कारखानदारांत कुठून असणार!

या चार गोष्टी एकमेकींच्या शेजारी असण्याचा मोठा फायदा असा, की त्या एकमेकींच्या साक्षीदार असतात. कोर्टात एक साक्षीदार फितूर झाला तर बाकीच्यांच्या जबानीवरून खरे काय ते काढता येते; तसेच इथे आहे. दीड हजार वॅटची पाणी तापवायची किटली घ्या. तिच्यात तापणाऱ्या तारेशिवाय दुसरे काही नाही. अशा वस्तूत व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजेच वॅट. २३० व्होल्ट आणि साडेसहा अँपिअर, गुणाकार १४९५, म्हणजे दीड हजारच. यातला एक आकडा पुसला गेला असेल तर उरलेल्या दोघांवरून तो परत लिहिता येतो. मोटार असलेल्या वस्तूंत मात्र थोडी गफलत असते. मोटार आपल्या चुंबकत्वासाठी जी वीज घेते ती सगळी कामी लागत नाही, काही नुसतीच जाऊन-येऊन करते. म्हणून मोटारीच्या पाटीवर व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार वॅटपेक्षा थोडा मोठा येतो. लहान कधीच येत नाही. हा ‘कधीच’ फार उपयोगी पडतो, आणि तो कसा पडला हे सांगण्यासाठीच हे लिहायला घेतले आहे.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने सुरतेला फार वाईट झोडपले. त्या दिवसांचे वर्णन इथे करत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आप्पांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली जिजी म्हणते, दवाखान्यातून घरी परत आल्या त्या ऑक्सिजन चालू ठेवण्याच्या सूचनेसह. मिनिटाला चार लिटर, रात्रंदिवस, असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते. सिलिंडर मिळणे आणि मिळालेला भरून आणणे या दोन्ही गोष्टी त्या आठवड्यांत नशिबावर होत्या. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारे यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, हा त्यावरचा उपाय होता आणि तो बाजारात शोधून सापडत नव्हता.

आप्पांचा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावी असतो. त्याच्या शेजाऱ्याकडे असे एक यंत्र वापराविना पडून होते. योगायोगाने ३० एप्रिल रोजीच केंद्र सरकारने नियम सैल केला होता, आणि वैयक्तिक वापरासाठी भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने कॉन्सन्ट्रेटर मागवण्याची मुभा ३१ जुलैपर्यंत दिली होती. भाच्याने यंत्र खोक्यात भरायची तयारी केली आणि आप्पांना त्याचे छायाचित्र पाठवले. आप्पांनी ते मला पुढे पाठवले आणि मागोमाग स्वतः आले. मुखपट्टीआडून त्यांनी एवढेच विचारले, “सर, हाई आठे चाली का?”

छायाचित्र यंत्राच्या तोंडाचे होते. मी पाठीचे मागवले. तासाभराने आले ते असे: पाटी चंदेरी कागदाची, त्यावर फोनचा झगझगीत प्रकाश पडून मधोमध पांढरा गोळा उमटलेला, आणि त्या गोळ्याखाली व्होल्टचा आकडा सगळाच्या सगळा गेलेला. दिसत होते ते इतके: ६० हर्ट्झ स्वच्छ, ३५० वॅट स्वच्छ, आणि अँपिअरचा आकडा ३.३ किंवा ३.८. शिवाय छायाचित्र दोन फोनांतून फिरून आल्याने त्याचा कस उतरलेला होता. मोठे केले की अक्षरांऐवजी चौकोनी ठिपके दिसत.

एडिसनला तेव्हा मध्यरात्र झाली होती. भाचा यंत्र सकाळी कुरिअरकडे देणार होता. तोवर आम्हाला या अर्धवट पाटीवरच विचार करायचा होता.

आप्पांच्या समोर कागदावर मांडले ते असे. समजा अँपिअर ३.३ आहेत. ३५० ला ३.३ ने भागले तर १०६ येतात. मोटारीच्या यंत्रात गुणाकार वॅटपेक्षा लहान कधीच येत नाही, म्हणजे व्होल्ट १०६ पेक्षा कमी असू शकत नाहीत. शंभर व्होल्टवर चालणारा जपान इथेच बाद झाला. आता समजा व्होल्ट आपल्यासारखे २३० आहेत. २३० गुणिले ३.३ म्हणजे ७५९. याचा अर्थ हे यंत्र ३५० चे काम करण्यासाठी ७५९ ची ये-जा करते. इतकी उधळी मोटार कोणी शहाणा कारखानदार रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रात बसवणार नाही. उलट व्होल्ट ११५ धरले तर गुणाकार ३८० येतो आणि ३५० शी त्याचे नाते अगदी सालस मोटारीसारखे जुळते. मग अँपिअर ३.८ असले तर? ११५ शी गुणून ४३७, हेही पटण्यासारखे. २३० शी गुणून ८७४, हे आणखीच न पटणारे. म्हणजे तो अंक तीन आहे की आठ, याने निकाल बदलत नव्हता. उजेडाच्या गोळ्याखाली ११५ किंवा फार तर १२० लिहिलेले होते.

गणिताने संशय बळकट होतो, पुरावा होत नाही. पुराव्यासाठी दुसरे साक्षीदार पाहिले. पहिला ६० हर्ट्झ. भारतात ५० हर्ट्झची वीज आहे, अमेरिकेत ६० ची. पण हा साक्षीदार एकटा पुरेसा नाही, कारण दक्षिण कोरियात २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ अशी जोडी आहे, आणि जपानात तर दाब सगळीकडे १०० असूनही टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मनीची आणि ओसाकाने अमेरिकेची जनित्रे विकत घेतली, ते भांडण तो देश अजून निस्तरतो आहे. दुसरा साक्षीदार प्लग. तोंडाच्या छायाचित्रात कोपऱ्यात वायरीचे भेंडोळे दिसत होते आणि त्याच्या टोकाला दोन चपट्या पात्या आणि एक गोल खिळा. अमेरिकन घाट. पण प्लग बदललेलाही असू शकतो. खरा साक्षीदार मॉडेल क्रमांक.

तोही भाच्याने टंकून पाठवला होता, पण त्या क्रमांकाची माहितीपुस्तिका कुठेच सापडेना. क्रमांकात अक्षरे आणि अंक मिसळलेले असले की हा त्रास नेहमीचा. इंग्रजीतले ‘बी’ आणि आठ, ‘ओ’ आणि शून्य, ‘एस’ आणि पाच, ‘आय’ आणि एक, ‘झेड’ आणि दोन या जोड्या छोट्या छपाईत जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. शिवाय मॉडेल क्रमांकाच्या खालीच अनुक्रमांक असतो, तो लांबलचक असतो, आणि घाईत माणूस तोच उतरवून पाठवतो. अनुक्रमांक म्हणजे त्या एका नगाचे नाव. त्यावरून कुळ कळत नाही. भाच्याने पाठवलेल्या क्रमांकातला ‘बी’ मी आठ करून पाहिला आणि पुस्तिका निघाली. तिच्यात एक तक्ता होता. एकाच यंत्राचे तीन प्रकार, क्रमांक तोच, मधले एक अक्षर तेवढे वेगळे: एक ११५ व्होल्ट ६० हर्ट्झचा, एक २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा, एक २३० व्होल्ट ६० हर्ट्झचा. भाच्याकडचे अक्षर पहिल्या प्रकाराचे होते. तीन लाकडी पेट्या, रंग एक, वजन एक, किंमतही बहुधा एक. फरक एका अक्षराचा.

सकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, भाच्याने मी सांगितल्याप्रमाणे पुन्हा छायाचित्र काढले. फोनचा प्रकाश बंद, पाटी ओल्या फडक्याने पुसलेली, खिडकीचा उजेड बाजूने येणारा, फोन पाटीच्या अगदी समोर. आणि ते चित्र म्हणून न धाडता दस्तऐवज म्हणून धाडलेले, म्हणजे वाटेत त्याचा कस कमी होत नाही. पांढऱ्या गोळ्याच्या जागी ११५ स्पष्ट उभे होते. अँपिअर ३.३.

(या ओघात एक सांगून ठेवतो. पाटी कागदाची नसून काळ्या प्लॅस्टिकमध्येच उठावाची अक्षरे ओतलेली असतील तर कितीही चांगला फोन हरतो. अशा वेळी त्यावर बोटाने थोडे तांदळाचे पीठ किंवा खडू चोळावा. वीज अर्थातच काढलेली असावी. उंच अक्षरे पांढरी होतात आणि फोटोत उठून दिसतात. आणि फ्रिजच्या मागे आरसा धरून काढलेल्या छायाचित्रात सगळे उलटे येते हे ध्यानात ठेवावे. एका गृहस्थांनी मला उलटा ५ दाखवून तो २ आहे अशी पैज लावली होती.)

आता प्रश्न उरला तो असा: ११५ व्होल्टचे यंत्र आहे म्हणून काय झाले? मध्ये एक ट्रान्सफॉर्मर घालावा, २३० चे ११५ करावेत, झाले. आप्पांना तसे एका दुकानदाराने सांगितलेही होते आणि ट्रान्सफॉर्मर देण्याची तयारी दाखवली होती. भाचा रोज सांगत होता की ट्रान्सफॉर्मर लावून अमेरिकेचे मिक्सर लोक चालवतात. ते खरे आहे. मिक्सरमध्ये ब्रश असलेली मोटार असते, तिला हर्ट्झशी फारसे कर्तव्य नसते. इस्त्रीला तर मुळीच नसते. ट्रान्सफॉर्मर न लावता मात्र अशी इस्त्री आपल्याकडे लावू नये, कारण दाब दुप्पट झाला की तापणाऱ्या तारेची भूक चौपट होते: ११५ वर हजार वॅट खाणारी इस्त्री २३० वर चार हजार वॅट मागेल, आणि ते मागणे पुरे करता करता जळून जाईल.

कॉन्सन्ट्रेटरचे तसे नाही. त्याच्या पोटात हवा दाबणारा एक पंप आहे आणि तो फिरवणारी मोटार ब्रश नसलेली, हर्ट्झच्या तालावर चालणारी आहे. ६० हर्ट्झवर मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेणारी मोटार ५० हर्ट्झवर सुमारे १४२५ च घेते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तो ताल वीजकेंद्रात ठरतो आणि घरापर्यंत तसाच येतो. म्हणजे पंप एक-षष्ठांश हवा कमी भरणार. यंत्रात झिओलाइट नावाच्या बारीक खड्यांनी भरलेल्या दोन नळ्या असतात. हवा दाबाखाली आत शिरली की हे खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. मग झडपा उलटतात, एक नळी श्वास टाकते आणि दुसरी घेते. झडपांची उघडझाप इलेक्ट्रॉनिक घड्याळाने ठरलेल्या वेळी होते. पंप मंदावला, पण घड्याळ मंदावले नाही, की नळीत पुरता दाब चढण्याआधीच झडप उलटते. बाहेर हवा येते, तिला ऑक्सिजन म्हणतातही, पण तिच्यातला ऑक्सिजनचा वाटा उतरलेला असतो. चांगले यंत्र त्र्याण्णव टक्क्यांच्या आसपास देते; जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली किमान अट ब्याऐंशी टक्क्यांची आहे. मिनिटाला दीड-दोन लिटरच हवे असते तर मंदावलेल्या पंपावरही कदाचित निभावले असते. जिजींना चार हवे होते.

दुसरी गोष्ट मोटारीच्या स्वतःच्या जिवाची. मोटारीच्या लोखंडात किती चुंबकत्व भरायचे ते व्होल्ट आणि हर्ट्झ यांच्या प्रमाणावर ठरते. हर्ट्झ ६० चे ५० झाले आणि व्होल्ट ११५ च राहिले तर लोखंडावरचा भार वीस टक्क्यांनी वाढतो, ते तुडुंब होते आणि मोटार तापते. त्याच दांड्यावरचा पंखाही मंदावलेला असतो, म्हणजे ताप वाढतो आणि वारा घटतो. प्रमाण राखायचे तर ११५ ऐवजी ९६ व्होल्ट द्यावे लागतील, तसा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. मग मोटार वाचेल, पण फेरे तेवढेच राहतील आणि ऑक्सिजन तेवढाच पातळ राहील. मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या पत्र्याच्या खोलीत, असा प्रयोग कोणाच्या श्वासावर करायचा?

आप्पांना हे सगळे सांगितले नाही. “यंत्र चांगलं आहे, पण ते तिकडच्या विजेच्या ठेक्यावर नाचतं. इथे ते धापा टाकेल,” इतकेच म्हणालो. ते बराच वेळ पाटीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर घेऊन उपयोग नाही.” त्यांनी खिशातली आगाऊ रकमेची पावती काढली आणि दुकानदाराला फोन लावला.

भाच्याला मात्र आता काय शोधायचे ते नेमके कळले होते. ‘कॉन्सन्ट्रेटर हवा’ असे न म्हणता तो मधले अक्षर सांगून विचारू लागला. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून आलेले छायाचित्र एका परदेशी निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामातले होते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १.७ अँपिअर, ३५० वॅट. गुणाकार ३९१. साक्षीदार एकमुखाने बोलत होते. मी तरीही मॉडेल क्रमांक पुस्तिकेच्या तक्त्याशी अक्षर अक्षर लावून पाहिला आणि खोक्यावरच्या क्रमांकाचे वेगळे छायाचित्र मागवले, कारण घाईच्या दिवसांत खोकी आणि यंत्रे यांची अदलाबदल होते.

यंत्र पोहोचायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस उधारीच्या सिलिंडरांवर कसे काढले ते आप्पाच जाणोत. दरम्यान वॅटच्या आकड्याचे काम निघाले. आमच्या भागात उन्हाळ्यात वीज अधूनमधून जाते आणि यंत्र थांबून चालणार नव्हते. आप्पांकडे इन्व्हर्टर होता, बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी. बारा गुणिले दीडशे म्हणजे अठराशे. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते म्हणून त्यातले सुमारे चौदाशे धरायचे. ३५० वॅटचे यंत्र चालवताना इन्व्हर्टर स्वतःचाही वाटा खातो, तेव्हा बॅटरीतून ताशी सव्वाचारशे-साडेचारशे जातील. हिशेब तीन तासांचा, त्यात पंखा चालवला तर आणखी कमी. तीन तासांनंतरची सोय म्हणून एक भरलेला सिलिंडर पलंगाखाली राहिला. शिवाय तो इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा स्वस्त प्रकार होता, त्यावर अशी मोटार गुरगुरते आणि तापते. म्हणून गल्लीतल्या एका डायमंड-टिकलीच्या कारखान्यातला शुद्ध लाटेचा इन्व्हर्टर महिनाभरासाठी मागून आणला.

पाटी जे सांगते ते यंत्राचे म्हणणे; भिंतीतल्या सॉकेटचे म्हणणे वेगळे विचारावे लागते. मी मीटर लावून तीन वेळा मोजले. सकाळी २३४, दुपारी २२२, आणि संध्याकाळी सगळे कूलर सुरू झाल्यावर २०७. पुस्तिकेत या प्रकाराला खाली १९५ पर्यंत मुभा होती, तेव्हा स्टॅबिलायझरची गरज नव्हती. सॉकेट मात्र बदलले. जुन्याची पकड सैल होती, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राचा प्लग सैल सॉकेटमध्ये तापून पिवळा पडतो, हे विस्तव न दिसता आग लागण्याचे घरातले नेहमीचे ठिकाण.

जून महिन्याच्या मध्यावर जिजींचा ऑक्सिजन सुटला. यंत्र आप्पांनी घरात ठेवले नाही. ते आधी लिंबायतला एका घरी गेले, तिथून उधन्याला, मग नवागामला. ते जिथे जाई तिथे त्याच्याआधी त्याच्या पाटीचे छायाचित्र जाई, आणि त्याखाली आप्पांनी टंकलेली एक ओळ असे: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, संध्याकाळी सॉकेट मोजून घेणे. एडिसनचे पहिले यंत्र भाच्याने तिथल्याच एका दवाखान्याला दिले.